पैसे आपलेच, तरी टीडीएस कापला: बाबांचे २६,००० परत मिळवण्याची गोष्ट

बाबांच्या पासबुकात २१ जानेवारी २०२५ या तारखेला दोन ओळी छापून आल्या. पहिली चार लाख रोख काढल्याची, आणि तिच्या खालोखाल चार हजारांची, टीडीएस म्हणून. बाबांनी संध्याकाळी फोन करून विचारलं, "माझेच पैसे मी काढले, त्यावर कसला टॅक्स? व्याज नाही, नफा नाही!" मी पणजीत नोकरी करते, पगारातून टीडीएस कापला जातो तेवढीच माझी या विषयाशी ओळख. उत्तर माझ्याकडेही नव्हतं. पुढे सप्टेंबरपर्यंत हे प्रकरण चाललं. गावाकडच्या बऱ्याच घरांत हाच प्रश्न येऊ शकतो, विशेषतः गोव्यात, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते.

आधी घरची परिस्थिती सांगायला हवी, कारण गुंता तिथूनच सुरू होतो. आमचं घर फोंडा तालुक्यात, भोवती कुळागर. सुपारी आणि नारळाचं उत्पन्न शेतीचं, त्यामुळे करमुक्त. २०१६ साली एक वडिलोपार्जित जागा विकली होती, त्या वर्षीचा कर आणि विवरणपत्र बाबांनी व्यवस्थित भरलं होतं. उरलेले पैसे बाबांच्या नावे एकाच बँकेत मुदत ठेवींत गुंतवले. त्यांवर वर्षाला साधारण तीन लाख साठ हजार व्याज यायचं.

एवढं व्याज असूनही बाबा नंतर विवरणपत्र भरत नव्हते, आणि ते नियमाला धरून होतं. गोव्यातल्या ज्या जोडप्यांना पोर्तुगीज नागरी कायद्याची सामाईक मालमत्तेची पद्धत लागू आहे, त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न आयकर कायद्याच्या कलम ५ए प्रमाणे नवरा-बायकोत निम्मं निम्मं धरतात. म्हणजे ठेव बाबांच्या नावावर असली तरी व्याजातले एक लाख ऐंशी हजार बाबांचे आणि तेवढेच आईचे. दोघांचंही उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली. दरवर्षी एप्रिलमध्ये बाबा बँकेत १५एच फॉर्म द्यायचे आणि व्याजावर टीडीएस कापला जात नसे. विवरणपत्राची गरजच पडली नाही.

मग २०२४ च्या पावसाळ्यात घराच्या मागच्या बाजूची भिंत फुगली. चतुर्थी झाल्यावर काम काढलं: छप्पर उतरवून नवे वासे, चिऱ्यांच्या भिंती, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. ठेवी टप्प्याटप्प्याने मोडल्या. गवंडी, हेल्पर, सुतार, चिरे घेऊन येणारा ट्रकवाला, सगळ्यांना रोख हवी. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बाबांनी थोडे थोडे करून अठरा लाख काढले आणि काही कापलं गेलं नाही. त्यामुळे जानेवारीतले ते चार हजार म्हणजे बँकेचीच चूक, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बाबांबरोबर शाखेत गेले. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "काका, ही बँकेची फी नाही. १९४एन आहे. तुमची तीन वर्षांची रिटर्न दिसत नाहीत, म्हणून मर्यादा वीस लाखांची." बाबांनी १५एचची पोच पुढे केली. मॅनेजरांनी ती हळूच परत सरकवली. ती व्याजासाठी असते, रोख काढण्याला चालत नाही.

कलम १९४एन १ सप्टेंबर २०१९ पासून आलं. एका आर्थिक वर्षात एका बँकेतल्या आपल्या सगळ्या खात्यांतून मिळून एक कोटीपेक्षा जास्त रोख काढली, तर वरच्या रकमेवर दोन टक्के टीडीएस. सहकारी संस्थांसाठी ही मर्यादा एप्रिल २०२३ पासून तीन कोटी आहे. सामान्य घरातल्या माणसाला वाटतं, एक कोटी रोख कोण काढतो, हे आपल्यासाठी नाहीच. पण जुलै २०२० पासून यात दुसरी पायरी आली. मागच्या ज्या तीन वर्षांची विवरणपत्र भरायची मुदत संपून गेली आहे, ती तिन्ही वर्षं कोरी असतील तर वीस लाखांच्या वर दोन टक्के, आणि एक कोटीच्या वर पाच टक्के. विवरणपत्र भरायची गरज होती की नव्हती, हे कलम विचारत नाही. करपात्र उत्पन्न नसलेली, म्हणून विवरण न भरणारी माणसंच यात सर्वांत आधी सापडतात: शेतकरी, निवृत्त माणसं, नवऱ्यामागे ठेवी सांभाळणाऱ्या बायका. माझ्या मते नियमातली ही जागा अगदीच आंधळी आहे, पण आहे ती अशी आहे.

दोन गोष्टी मॅनेजरांनी नीट सांगितल्या. एक, मर्यादा बँकेगणिक मोजतात. एकाच बँकेची फोंडा आणि म्हापसा शाखा, बचत खातं आणि चालू खातं, एटीएममधून काढलेले पैसे, सगळं एकत्र. दुसऱ्या बँकेतलं वेगळं. दोन, फक्त रोखीची गोष्ट आहे. खात्यातून चेकने किंवा एनईएफटीने कितीही रक्कम गेली तरी या कलमाचा संबंध येत नाही. तेव्हापासून कौलं, सिमेंट, सळ्या आणि लाकूड यांचे पैसे बाबांनी चेकने द्यायला सुरुवात केली. मजुरांसाठी मात्र रोख लागतच राहिली.

आपल्याला कोणती मर्यादा लागू आहे हे घरबसल्या कळतं. आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर पहिल्याच पानाच्या क्विक लिंक्समध्ये "TDS on Cash Withdrawal" आहे. लॉगिन लागत नाही. पॅन आणि मोबाइल नंबर घालून ओटीपी दिला की कोणत्या रकमेच्या वर किती टक्के हे दिसतं. मी माझा पॅन घातला तर एक कोटीच्या वर दोन टक्के आलं. बाबांचा घातला तर वीस लाख. ठेव मोडण्याआधी एवढं पाहून घेतलं असतं तर कुणीही चेकचा मार्ग आधीच धरला असता.

फोंड्यात एक सीए आहेत, ओळखीतल्या. फेब्रुवारीत त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं, मागची विवरणपत्रं आत्ता भरून टाकली की पुढची कपात थांबेल. त्या म्हणाल्या, "ताई, उशिराच्या रिटर्नची मुदत या वेळी १५ जानेवारीपर्यंत वाढवली होती, तीही गेली. आणि अपडेटेड रिटर्न जास्तीचा कर भरायचा असेल तरच चालतं, तुमच्या बाबांना कर लागतच नाही." मग त्यांनी धीर दिला की कापलेली रक्कम कुठे जात नाही, बाबांच्या पॅनवर सरकारकडे जमा असते, आणि त्या वर्षाचं विवरणपत्र भरलं की पूर्ण परत मिळते. फक्त ते त्याच वर्षाच्या विवरणात मागायला हवं, पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. जाता जाता आणखी एक ताकीद दिली, जी टीडीएसहून महत्त्वाची वाटली: कंत्राटदाराला एका दिवसात किंवा एका कामापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देऊ नका. घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

हिशेब असा झाला. जानेवारीत चार लाख काढले तेव्हा एकूण बावीस लाख झाले. वीसच्या वरचे दोन लाख, त्यांवर चार हजार. आधीच्या अठरा लाखांवर काही नाही. फेब्रुवारीत पाच लाख काढले, आता सगळीच रक्कम मर्यादेच्या वरची, म्हणून दहा हजार. मार्चमध्ये सहा लाख, बारा हजार. वर्षाची एकूण रोख तेहतीस लाख, कपात २६,०००. ३१ मार्चला मोजणी संपली आणि एप्रिलपासून पुन्हा शून्यापासून सुरू झाली.

त्यानंतर वाट पाहण्याचा काळ. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं विवरण बँकेला ३१ मेपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बाबांच्या फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेला टीडीएस दाखवणाऱ्या पत्रकात, काहीच दिसत नव्हतं. बाबा दर आठवड्याला विचारायचे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही नोंदी आल्या. कलमाच्या रकान्यात 194NF असं होतं. शेवटचा एफ पाहून मी चपापले, पण विवरणपत्र न भरणाऱ्यांसाठीच्या कपातीला तोच कोड असतो. बँकेकडून फॉर्म १६ए, म्हणजे कपातीचा दाखला, सुद्धा मिळाला, तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. दोन्हीकडची रक्कम, बँकेचा टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक आणि बाबांचा पॅन जुळतात का एवढं पाहिलं. संयुक्त खातं असेल तर कपात कोणाच्या पॅनवर गेली हे इथेच बघून घ्यावं, कारण परतावा त्याच माणसाला मागता येतो.

२०२५ साली विवरणपत्राची मुदत ३१ जुलैऐवजी १५ सप्टेंबर केली होती, तरी आम्हाला लवकर संपवायचं होतं. एक अडचण: बाबांसारख्या ज्येष्ठ माणसाला साधा सहज म्हणजे आयटीआर-१ चालेल असं कुणालाही वाटेल. पण १९४एन खाली कपात झाली असेल तर आयटीआर-१ भरता येत नाही. आमच्याकडे आणखी दोन कारणं होती, शेतीचं उत्पन्न पाच हजारांच्या वर आणि कलम ५ए. म्हणून आयटीआर-२. त्याची ऑनलाइन सोय जुलैच्या मध्यानंतर सुरू झाली, तोवर थांबावं लागलं.

तो वेळ आधारमध्ये गेला. विवरणपत्र भरल्यावर ते आधारच्या ओटीपीने पडताळायचं ठरलं होतं, आणि बाबांच्या आधारला जुना, बंद पडलेला नंबर होता. आधार केंद्रात पन्नास रुपये भरून नवा नंबर जोडला. परताव्याचं बँक खातंही पोर्टलवर पडताळून घ्यायचं असतं. तिथे पहिल्यांदा नाव जुळत नाही असं आलं: पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, बँकेत नुसती आद्याक्षरं. बँकेत अर्ज देऊन नाव पॅनप्रमाणे करून घेतलं. हे काम विवरण भरण्याआधीच उरकावं, नाहीतर परतावा मंजूर होऊनही खात्यात पोचत नाही.

२९ जुलैला सीएंच्या ऑफिसात बसून विवरण भरलं. बाबा कुळागरात होते, पोफळींवर बोर्डो मिश्रणाची फवारणी चालू होती आणि पावसाने दोन दिवस उसंत दिली होती, तेव्हा ते फोंड्याला यायला तयार नव्हते. ओटीपीसाठी मी फोनवर, आणि पलीकडे बाबा चष्मा सापडेपर्यंत दहा मिनिटं गेलेली. दुसऱ्या वेळी आईने आकडे वाचून दाखवले.

इथे खरी सांगण्यासारखी गोष्ट घडली. त्या वर्षीचं व्याज दोन लाख ऐंशी हजार होतं, ठेवी मोडल्यामुळे कमी. पोर्टलवर पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे का या प्रश्नाला "हो" म्हटलं की Schedule 5A उघडतं. त्यात आईचं नाव, पॅन, एकूण व्याज आणि तिच्या वाट्याचे एक लाख चाळीस हजार भरले. व्याजाचा पूर्ण आकडा बाबांच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, दिसत असतो, तो विवरणात अर्धाच का आहे याचं उत्तर या तक्त्यातून मिळतं. ऑफिसातल्या मुलाने मग सवयीने २६,००० चेही दोन भाग केले, तेरा बाबांना, तेरा आईला. गोव्यातल्या बहुतेक विवरणांत हे बरोबरच असतं: उत्पन्न अर्धं झालं की त्यावरचा टीडीएसही अर्धा होतो. सीएंनी स्क्रीन पाहून लगेच थांबवलं.

त्यांचं म्हणणं असं. व्याजावरचा टीडीएस उत्पन्नाला चिकटलेला असतो, म्हणून तो उत्पन्नामागे जातो. १९४एनची कपात कुठल्याच उत्पन्नावर नाही. कलम १९८ मध्येच म्हटलंय की ही कापलेली रक्कम उत्पन्न धरायची नाही. आणि श्रेय कोणाला द्यायचं हे नियम ३७बीए च्या पोटनियम ३ए मध्ये स्वतंत्रपणे सांगितलंय: ज्याच्या खात्यातून कर कापला गेला, त्यालाच, आणि ज्या वर्षी कापला गेला त्याच वर्षासाठी. म्हणजे पूर्ण २६,००० बाबांचे. आईच्या विवरणात तेरा हजार मागितले असते तर तिच्या २६एएस मध्ये ती नोंदच नसल्याने ते अडकले असते. आणि आईने विवरण भरलंच नसतं, जे तिच्या उत्पन्नाला धरून गरजेचंही नव्हतं, तर ते तेरा हजार कुणीच मागितले नसते.

टीडीएसच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीसमोर ती कोणत्या प्रकारच्या उत्पन्नाशी संबंधित आहे हे निवडायचं असतं. १९४एन साठी तिथे "लागू नाही" असा पर्याय आहे, तोच घ्यायचा. भीतीपोटी इतर उत्पन्न निवडून तेरा लाख किंवा तेहतीस लाख उत्पन्नात दाखवले तर आपणच आपल्यावर कर ओढवून घेतो. रोख काढणं म्हणजे कमाई नव्हे. शेवटी बाबांचं करपात्र उत्पन्न एक लाख चाळीस हजार, कर शून्य, परतावा २६,०००. आधार ओटीपीने लगेच पडताळणी केली. ती तीस दिवसांच्या आत करावी लागते. सीएंची फी दीड हजार.

ऑगस्ट सगळा "प्रक्रिया सुरू" असं पाहण्यात गेला. चतुर्थीला घरी गेले तेव्हा नव्या स्वयंपाकघरात नेवऱ्या तळल्या जात होत्या आणि बाबा पाहुण्यांना १९४एन समजावत होते. शेजारच्या वाड्यावरचे एकजण ऐकत होते, त्यांना मुलीच्या लग्नासाठी ठेव मोडायची होती. बाबांनी त्यांना आपल्या मोबाइलवर ती पॅनची तपासणी करून दाखवली. त्यांचेही वीस लाखच निघाले. त्यांनी हॉल आणि केटररचे पैसे बँकेतून थेट पाठवायचं ठरवलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कलम १४३(१) ची सूचना ईमेलवर आली आणि तीन दिवसांनी खात्यात २६,७८० जमा झाले. वरचे सातशे ऐंशी हे व्याज: विवरण मुदतीत भरलं असेल तर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का, आमचे सहा महिने धरले. मुदत चुकवून ३१ डिसेंबरपर्यंत भरलं असतं तरी मूळ रक्कम मिळाली असती, पण व्याज विवरण भरल्या तारखेपासूनच मोजलं गेलं असतं. ते सातशे ऐंशी पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवायचे आहेत, तशी नोंद मी बाबांच्या वहीत केली.

एवढं सगळं आर्थिक वर्ष २०२४-२५ चं, १९६१ च्या आयकर कायद्याखालचं. कपात पन्नास हजारांपर्यंत पोचली असती तर बाबांना, साठीच्या वरचे असल्याने, विवरणपत्र भरणं सक्तीचंच झालं असतं. साठीखालच्या माणसाला ती रेषा पंचवीस हजारांवर आहे. बाबांनी आता ठरवलंय की कर असो नसो, दरवर्षी विवरण भरायचं. सीएंनी पुढच्या वेळची फी हजार सांगितली आहे. बाबांनी लगेच घासाघीस सुरू केली, म्हणाले सुपारी काढल्यावर एक पोतं आणून देतो, आठशे घ्या.